मजकुराविना आलेले ध्वनिमुद्रण: काय ऐकू येत नाही ते कसे नोंदवावे आणि उरलेला मजकूर कसा मागावा

गावातल्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम आता महाविद्यालयीन विद्यार्थी करतात, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक करतात आणि घरातली नातवंडेही करतात. मुद्रण करणारा एक असतो आणि ते ऐकून लिहून काढणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. त्याच्या हाती येते ती `PTT-20240512-WA0003.opus` अशा नावाची एक फाइल. सोबत ना लिहिलेला मजकूर, ना बोलणाऱ्यांचा परिचय, ना गावाचे नाव. हा लेख अशा फाइलचे शब्दांकन करणाऱ्यासाठी आहे, आणि त्यातही कामाच्या एका भागासाठी, जो सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो: जे ऐकू आले नाही त्याचे काय करायचे.

पुष्कळ शब्दांकनांत अशा जागी नुसते ‘अस्पष्ट’ असे लिहून पुढे गेलेले असते. माझ्या मते ही नोंद अर्धवट आहे, कारण ऐकू न येण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि कारणानुसार विचारायचा प्रश्नही बदलतो, तो कोणाला विचारायचा हेही बदलते. कारण लिहिले नाही तर मुद्रण करणाऱ्याला काय आठवायचे ते कळत नाही, आणि तो उत्तरादाखल ‘पुन्हा एकदा नीट ऐकून पाहा’ एवढेच सुचवू शकतो.

उदाहरण म्हणून एक मुलाखत घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या एका आजींनी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपाची आठवण सांगितली आहे. मुद्रण ३८ मिनिटांचे आहे. ते एका विद्यार्थ्याने मोबाइलवर, स्वयंपाकघराला लागून असलेल्या सोप्यात बसून केले आहे. आजींशेजारी त्यांचा मुलगा बसला आहे आणि तो मधून मधून बोलतो. भूकंपाच्या वेळी आजी बारा-तेरा वर्षांच्या होत्या.

ऐकायला बसण्याआधी

पहिला प्रश्न मजकुराचा नसतो, फाइलचा असतो: मूळ मुद्रण अजून फोनमध्ये आहे का? व्हॉट्‌सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप आकाराने लहान राहावा म्हणून बराच दाबलेला असतो आणि त्यात बारीक व्यंजने आधी मार खातात. तेच मुद्रण फोनच्या रेकॉर्डरमधून केलेले असेल आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवले गेले, तर ते जसेच्या तसे पोहोचते. लिहायला सुरुवात करण्याआधीच ही विनंती करावी, कारण फोनमधली जागा भरली की मुद्रणे पुसली जातात. नावातल्या तारखेवरही विसंबू नये. अशा फाइलच्या नावात ती निरोपाची तारीख असते आणि मुलाखत त्याआधी कधीही झालेली असू शकते.

आलेल्या फाइलला हात न लावता तिची एक प्रत करावी आणि सगळे काम त्या प्रतीवर करावे. मूळ फाइलचे नाव, एकूण लांबी आणि ती कोणाकडून कधी आली हे शब्दांकनाच्या डोक्यावर लिहून ठेवावे. त्यानंतर प्रत ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत उघडून आवाजाचा आलेख एकदा डोळ्यांखालून घालावा. जिथे रेघ पूर्ण सपाट आहे तिथे आवाज मुळात मुद्रितच झालेला नाही. जिथे आलेखाची शिखरे वरून कापल्यासारखी चपटी दिसतात तिथे आवाज यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेला आहे, आणि तो फाटलेला आवाज कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. दोन पट्ट्यांपैकी एकच भरलेली दिसली तर रिकामी पट्टी बंद करून दुसरीवर काम करावे, म्हणजे एका कानाने ऐकण्याचा त्रास वाचतो. ही पाहणी पाच मिनिटांत होते आणि कुठे कान देऊन उपयोग नाही हे आधीच कळते.

पहिले ऐकणे

पहिल्यांदा सगळे मुद्रण कान झाकणारे हेडफोन लावून, न थांबवता, एकही वाक्य न लिहिता ऐकावे. हातात फक्त कागद असावा आणि त्यावर मिनिटांच्या पुढे दोन-चार शब्दांची नोंद करावी. आपल्या उदाहरणात ती साधारण अशी होईल: ‘० ते ४, ओळख, पंखा चालू. ४ ते ११, भूकंपाआधीचे घर, धान्य, जनावरे. ११ ते १४, पहाटेचा प्रसंग, कुकर. १९ ते २१, त्यानंतरची रात्र, आवाज खाली जातो. २६ ते ३०, मुलगा बोलतो.’

ही नोंद केल्याने दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे बोलणाऱ्याच्या लकबी कानात बसतात, आणि दहाव्या मिनिटाला न कळलेला शब्द तिसाव्या मिनिटाला त्याच तोंडून स्पष्ट ऐकू येण्याची शक्यता बरीच असते. दुसरे म्हणजे कोणत्या भागाला जास्त वेळ लागणार याचा अंदाज येतो. स्पष्ट मुद्रणाच्या एका तासाला शब्दांकनाचे चार ते सहा तास सहज लागतात. बोली अनोळखी असेल आणि मागे आवाज असतील तर त्याहून अधिक धरावे.

ऐकू न येण्याचे चार प्रकार

दुसऱ्या वेळी ऐकताना लिहायला घ्यावे आणि अडेल त्या प्रत्येक जागी स्वतःला विचारावे की इथे नेमके काय झाले आहे.

पहिला प्रकार म्हणजे शब्द बोलला गेला, पण दुसऱ्या आवाजाखाली दबला. बाराव्या मिनिटाला आजी म्हणतात, ‘आमच्या वाडीत सा… घरं बसली’, आणि नेमक्या त्या क्षणी कुकरची शिट्टी होते. वाफेचा फसफसाट वरच्या पट्टीतला असतो आणि व्यंजनांतला फरक सांगणारे बरेचसे नाद तिथेच असतात. म्हणून ‘सा’ हे अक्षर तगते, पण त्यापुढे त होता की ठ हे कळत नाही. सात घरे बसली की साठ, हा फरक इतिहासाच्या दृष्टीने प्रचंड आहे. मराठी संख्यांत अशा जागा पुष्कळ आहेत. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ किंवा ‘पन्नास’ आणि ‘पंचावन्न’ या जोड्या गोंगाटात सहज एकमेकींच्या जागी जातात, म्हणून प्रत्येक संख्या, ती स्पष्ट वाटली तरी, मी दुसऱ्यांदा ऐकते.

याच प्रकारात एक वेगळी आणि अधिक धोकादायक जागा येते, ती म्हणजे वाक्याचा शेवट. मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो आणि बोलणाऱ्याचा आवाजही शेवटीच खाली जातो. एकोणिसाव्या मिनिटाला आजी म्हणतात, ‘मग त्या राती परत घरात गेलो…’, आणि पुढे एक उसासा आणि काहीतरी पुटपुटणे आहे. तिथे ‘न्हाय’ असेल तर सगळे कुटुंब उघड्यावर झोपले, नसेल तर ते पडझड झालेल्या घरात परतले. जिथे क्रियापदानंतर अर्धा सेकंद तरी काही हालचाल ऐकू येते तिथे वाक्य पूर्ण झाले असे धरून पूर्णविराम देऊ नये. तिथे शंका नोंदवावी.

दुसरा प्रकार म्हणजे दोघे एकदम बोलले. मुलगा आईला दुरुस्त करतो, ‘तात्या न्हवं गं, आप्पा’, आणि त्याच वेळी आजी पुढचे वाक्य बोलून मोकळ्या होतात. मुलाखत घेणाऱ्याची ‘हो हो’, ‘बरं बरं’ ही दादही अनेकदा पुढच्या शब्दावर पडते. अशा जागी आधी स्पष्ट आवाज पूर्ण लिहावा आणि मग फक्त दुसऱ्या आवाजासाठी तो तुकडा पुन्हा ऐकावा, कारण दोन्ही एकदम ऐकायला गेले की दोन्हींची भेसळ होते. इथे विचारायचे प्रश्न दोन असतात: दबलेले वाक्य काय होते, आणि मुलाने केलेली दुरुस्ती आजींनी मान्य केली का?

तिसरा प्रकार म्हणजे आवाज ऐकू आला, पण शब्द ओळखता आला नाही. आजी दार उघडायला गेल्या तेव्हा काहीतरी आडवे पडलेले होते. शहरात वाढलेल्या लिहिणाऱ्याच्या कानाला ते ‘मेंढी आडवी पडल्याली’ असे वाटेल आणि भूकंपात जनावर मेले असा अर्थ लागून वाक्य पुढे सरकेलही. प्रत्यक्षात आजी घराच्या मेढीबद्दल, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी खांबाबद्दल बोलत आहेत. मुद्रणात इथे काहीही बिघाड नाही, अडचण ऐकणाऱ्याच्या शब्दसंग्रहात आहे, आणि म्हणून आवाज कितीही साफ केला तरी ती सुटत नाही. याचा उपाय म्हणजे आसपासच्या वस्तू पाहणे. आधीच्या आणि नंतरच्या वाक्यांत आढे, वासे, कौले येत असतील तर मध्येच मेंढी येण्याचे कारण नाही. तरीही अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहावा आणि त्या भागातल्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. व्यक्ती, वाड्या, देवस्थाने आणि शेतांची नावे याच प्रकारात मोडतात. नाव कानाला स्वच्छ ऐकू आले तरी त्याचे लेखन मुद्रण करणाऱ्याकडून किंवा घरच्यांकडून लिहूनच मागवावे.

चौथ्या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष जाते. इथे शब्द ऐकू येतो, अर्थही कळतो, पण त्यातली माहिती आवाजात नव्हतीच. ‘भितीला येवढी भेग पडली’, असे आजी म्हणतात. ‘येवढी’ म्हणताना त्यांनी दोन बोटे दाखवली की सबंध पंजा उघडला, हे समोर बसलेल्या विद्यार्थ्याने पाहिले आणि मोबाइलने पाहिले नाही. ‘पाणी त्या तिथवर हुतं’, ‘असं धरलं नि असं वढलं’, ‘ह्यो त्यातलाच’ या वाक्यांचेही तेच आहे. लिहिणाऱ्याला इथे अडखळल्यासारखे वाटत नाही, कारण वाक्य व्याकरणाने पूर्ण असते, आणि म्हणून ते तसेच छापले जाते. ‘हे’, ‘असं’, ‘तिकडं’, ‘येवढं’ हे शब्द आले की थांबायचे आणि ही वस्तू किंवा हे माप वाचणाऱ्याला दिसणार आहे का, असे विचारायचे, ही सवय लावून घ्यावी. इथे मजकूर मागून उपयोग नसतो, वर्णन मागावे लागते, आणि ते लवकर मागावे लागते. शब्द मुद्रणात टिकतात, हाताची खूण फक्त पाहणाऱ्याच्या स्मरणात असते.

आवाज साफ करण्याची मर्यादा

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात यंत्राची थोडी मदत होते. ffmpeg या मोफत प्रणालीने कामाची प्रत तयार करायची आज्ञा अशी, `mul.m4a` च्या जागी आलेल्या फाइलचे नाव घालावे:

```
ffmpeg -i mul.m4a -c:a pcm_s16le kaam.wav
```

शंभर हर्ट्‌झच्या खालचा आवाज गाळला तर फोन हलवल्याची धडधड आणि विजेच्या उपकरणांची ५० हर्ट्‌झची घुमी बरीच कमी होते आणि बोलण्याला फारसा धक्का लागत नाही. वेग तीन-चतुर्थांश केला, पण आवाजाची पट्टी तीच ठेवली, तर घाईने गिळलेली अक्षरे सुटी होतात. दोन्ही एकत्र असे करता येते:

```
ffmpeg -i kaam.wav -af "highpass=f=100,atempo=0.75" halu.wav
```

आज्ञा देण्याची सवय नसेल तर व्हीएलसीमध्ये `[` ही कळ दाबून वेग कमी करता येतो आणि `=` दाबून पूर्ववत करता येतो. पंख्यासारखा एकसारखा आवाज ऑडॅसिटीच्या `Noise Reduction` या सोयीने उतरतो. त्यासाठी कोणी बोलत नसलेला एखाद-दोन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून निवडावा लागतो. इथे हात आखडता ठेवावा. घट सहा ते बारा डेसिबलच्या पलीकडे नेली की माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटू लागते आणि स, श, फ यांची धार पंख्याबरोबरच निघून जाते. साफ केलेल्या प्रतीत एखादा शब्द नव्याने ऐकू आला तर तो मूळ प्रतीत पुन्हा तपासावा. मूळ आवाजात त्याचा काहीच मागमूस नसेल तर तो प्रक्रियेतून निर्माण झालेला असू शकतो. कुकरची शिट्टी मात्र अशा उपायांनी जात नाही, कारण ती एकसारखी नसते आणि बोलण्याच्याच पट्टीत पसरलेली असते.

एका जागेवर किती वेळ घालवावा यालाही मर्यादा हवी. तीन वेळा ऐकावे, मग पुढे जावे आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने पुन्हा तीन वेळा ऐकावे. तोच तुकडा सलग वीस वेळा फिरवला तर शब्द बदलत असल्याचा भास होऊ लागतो आणि शेवटी जो अर्थ आपल्याला हवा असतो तोच ऐकू येतो.

पानावर नोंद कशी करावी

चौकटी कंसात चार गोष्टी असाव्यात: वेळ, साधारण किती शब्द गेले, का गेले आणि जेवढे ऐकू आले ते. अंदाज असेल तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह द्यावे. वरचा प्रसंग पानावर असा दिसेल:

> आजी: तवा दार उघडाया गेले तर [मेढ?] आडवी पडल्याली. भितीला येवढी [१२:१७, हाताची खूण, वर्णन हवे] भेग. आमच्या वाडीत [१२:२३, एक शब्द, ‘सा…’, कुकरची शिट्टी] घरं बसली. [सहा सेकंद थांबतात] मग आमी समदी अंगणात.

बोली जशी आहे तशी ठेवली आहे. ‘भितीला’चे ‘भिंतीला’ करणे हे शब्दांकनाचे काम नाही, कारण पुढे एखाद्या शब्दाचा निर्णय करताना बोलणाऱ्याचे उच्चारच आधार होतात. थांबणे, हसणे, रडू येणे आणि मागचे महत्त्वाचे आवाज हेही लिहावेत. हे शब्दांकन वाचणाऱ्यांत ज्यांना ऐकूच येत नाही अशी माणसेही असतील, आणि त्यांच्यासाठी मुद्रणाची जागा हा मजकूरच घेणार असतो. अर्थात प्रत्येक खोकला आणि प्रत्येक कोंबडा नोंदवायची गरज नाही. बोलणे ज्यामुळे थांबले, बदलले किंवा दबले तेवढेच लिहिले की पुरते.

अंदाज कुठवर लिहावा याबद्दल माझे मत कडक आहे. संख्या, नकार आणि व्यक्तींची नावे या तीन बाबतींत, पूर्ण खात्री नसेल तर प्रश्नचिन्हासह अंदाजही मुख्य मजकुरात लिहू नये. तिथे रिकामी जागाच ठेवावी. प्रश्नचिन्हे पुढच्या नकलेत गळतात, आणि मग ‘साठ घरं’ हे आजींचे म्हणणे म्हणून पुढे चालू लागते.

मुद्रण करणाऱ्याला लिहायचे पत्र

शंका जमल्या की त्या सगळ्या एकाच पत्रात पाठवाव्यात आणि प्रत्येक जागेचा छोटा तुकडा सोबत जोडावा. अडलेल्या शब्दाच्या आठ-दहा सेकंद आधीपासून तुकडा सुरू करावा, कारण एकटा शब्द कापून दिला तर तो मूळ बोलणाऱ्यालाही ओळखू येत नाही. बाराव्या मिनिटाचा तुकडा असा काढता येतो:

```
ffmpeg -ss 00:12:13 -i kaam.wav -t 20 -c copy tukda_1213.wav
```

पत्रात आपला अंदाज लिहू नये, हा यातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. ‘आजी साठ म्हणाल्या का?’ असे विचारले की वाचणाऱ्याला ‘साठ’च ऐकू येते आणि तो प्रामाणिकपणे हो म्हणतो. ‘किती घरे?’ असे विचारावे. पत्राचा नमुना असा:

> स. न. वि. वि.
>
> तुम्ही पाठवलेले ३८ मिनिटांचे मुद्रण पूर्ण ऐकले. त्याच्यासोबत लिखित मजकूर नव्हता, म्हणून मी पहिला मसुदा तयार केला आहे. बहुतेक भाग स्पष्ट आहे. पुढील जागी मात्र मला तुमची मदत हवी आहे. तुकडे सोबत जोडले आहेत. कृपया आधी तुकडा ऐका आणि मग उत्तर लिहा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असेच लिहा, तेही मला उपयोगाचे आहे.
>
> १. १२:२३. ‘आमच्या वाडीत’ यानंतरचा एक शब्द कुकरच्या शिट्टीखाली गेला आहे. आजींनी किती घरे सांगितली?
>
> २. १२:१७. ‘येवढी भेग’ म्हणताना आजींनी हाताने काय दाखवले? शक्य असल्यास बोटे, वीत किंवा हात या मापात लिहा.
>
> ३. १२:१४. दाराजवळ काय आडवे पडले होते?
>
> ४. १९:४१. ‘परत घरात गेलो’ यानंतर आजींचा आवाज खाली जातो. वाक्य कसे संपले?
>
> ५. २७:०५. मुलगा नाव दुरुस्त करतो तेव्हा आजी काहीतरी बोलतात. त्यांनी मान हलवली का, की स्वतःचेच म्हणणे पुढे चालू ठेवले?
>
> ६. २९:३० ला नंतर राहायला गेलेल्या गावाचे नाव येते. ते तालुक्यासह लिहून पाठवा.
>
> याशिवाय मुलाखतीची तारीख, कोण कुठे बसले होते, आजींचे त्या वेळचे वय आणि मुद्रण लिखित स्वरूपात वापरायला त्यांनी संमती दिली आहे का, हे कळवावे. मूळ फाइल फोनमध्ये असेल तर ती पुसू नका आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दहापेक्षा जास्त शंका असतील तर आधी ज्यांनी अर्थ बदलतो त्या पाठवाव्यात. एकदम चाळीस प्रश्न गेले तर पहिल्या पाचांची उत्तरे नीट येतात आणि बाकीची उरकली जातात.

ज्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही त्यांनी असे मुद्रण मिळाल्यावर करायची मागणी थोडी वेगळी असते. त्यांनी जागा दाखवत बसण्याची गरज नाही. ‘मला हे मुद्रण ऐकता येत नाही. कोण बोलते आहे हे प्रत्येक वाक्यापुढे लिहून पूर्ण मजकूर द्यावा. तो लगेच शक्य नसेल तर सध्या लांबी, बोलणारे, विषय आणि त्यात संख्या, तारखा किंवा नावे असल्यास तेवढी आधी पाठवावीत’, एवढे स्पष्ट लिहिले की समोरच्याला काय करायचे ते कळते. गोषवारा आला की तो गोषवारा आहे याची नोंद करून पूर्ण मजकूर पुन्हा मागावा. अनेकदा काम गोषवाऱ्यावरच थांबते.

उत्तर आल्यानंतर

विद्यार्थ्याचे उत्तर आले की ते मजकुरात सरळ मिसळू नये. त्याने तुकडा ऐकून सांगितले, स्वतःच्या स्मरणातून सांगितले, की पुन्हा आजींना विचारून सांगितले, यांत फरक आहे, आणि तो तळटिपेत लिहावा. ‘सात. मुद्रण करणाऱ्याने आजींना पुन्हा विचारून कळवले’ ही नोंद भक्कम आहे. ‘बहुतेक सात’ हे स्मरण आहे आणि ते तळटिपेतच राहिले पाहिजे. शक्य असेल तिथे तुकडा आजींनाच ऐकवावा. त्याही वेळी आधी तुकडा, मग प्रश्न, हाच क्रम ठेवावा. आजींनी दुसऱ्या वेळी वेगळा आकडा सांगितला, तर ते नवे निवेदन समजून वेगळे नोंदवावे. पहिल्या मुद्रणातली जागा रिकामीच राहते.

प्रसिद्ध माहितीशी ताडून पाहण्याचा मोह इथे होतो आणि त्याचा उपयोगही आहे, पण तो लिहिण्यासाठी नाही, तपासण्यासाठी आहे. कोयनेचा मोठा धक्का ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारनंतर बसला आणि त्या दिवशी सोमवार होता. आजी स्पष्टपणे ‘मंगळवारी’ म्हणत असतील तर मजकुरात मंगळवारच लिहावा आणि सोमवारची टीप खाली द्यावी. वार ऐकू आला नसेल, तर कॅलेंडर पाहून ‘सोमवारी’ असे भरू नये. कदाचित आजी वाराबद्दल बोलतच नसतील.

इतके करूनही काही जागा उरतात, आणि त्या कारणासह तशाच ठेवाव्यात. ‘१९:४१, एक शब्द, आवाज खाली, मुद्रण करणाऱ्यालाही आठवत नाही, आजींना विचारलेले नाही’ अशी नोंद पुढच्या माणसाला अजून कुठला दरवाजा उघडा आहे हे सांगते. मसुदा, तुकडे, पत्र आणि उत्तर हे सगळे मूळ फाइलच्या नावानेच एका फोल्डरमध्ये ठेवावे. चांगली मूळ फाइल वर्षभराने हाती आली, तर सगळे ३८ मिनिटे पुन्हा ऐकण्याऐवजी कंसांतल्या वेळा पाहून फक्त त्याच जागा तपासता येतात.

मुलाखतीत मुलाने किंवा आजींनी हळू आवाजात कोणाबद्दल काही सांगितले असेल आणि आपण आवाज वाढवून ते पकडले असेल, तर ते ऐकू आले म्हणून लगेच लिहू नये. माणूस आवाज कधी थकून खाली आणतो, तर कधी मुद्दाम. अशा जागी मसुद्यात ‘[३१:१०, हलक्या आवाजात, संमतीनंतर लिहायचे]’ अशी नोंद करावी आणि ते वाक्य पानावर यावे की नाही हे आजींना विचारायला मुद्रण करणाऱ्याला सांगावे.